डोंगर, ढोल आणि कुंपणापलीकडचं गवत

मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या कथेचं इंग्रजी भाषांतर करत होते. कथा लहानशी. भाचीला लांबच्या शहरात नोकरी लागलीय, ती जायला निघालीय, आणि आत्या तिची बॅग भरता भरता म्हणते:

"दुरून डोंगर साजरे, बाळा. जवळ गेलं की नुसते दगडधोंडे."

भाची बॅगेची चेन ओढत म्हणते, "दगडधोंडेच बघायचेत मला, आत्या."

कथेतली माझी सगळ्यात आवडती दोन वाक्यं हीच. पहिलं मी विचार न करता टाइप करून टाकलं: 'द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर ऑन द अदर साइड.' शाळेत 'जोड्या लावा'मध्ये डावीकडे डोंगर आणि उजवीकडे गवत असायचं, आपण रेघ मारायचो आणि एक गुण मिळायचा. ती रेघ हातात इतकी भिनलेली की बोटांनी परस्पर काम उरकलं. मग दुसऱ्या वाक्यावर आले आणि हात थांबला. गवतानंतर दगडधोंडे कुठून आणायचे?

आधी वाटलं, सोपं आहे, दगडांच्या जागी तण टाकू. आत्या म्हणेल पलीकडचं गवत नेहमीच हिरवं दिसतं, भाची म्हणेल, मग तिथलं तण बघून येते. मोठ्यानं वाचून पाहिलं. वाक्यं बरी वाटली, बिनसली होती ती आत्या. मूळ कथेतली आत्या भाचीला जपणारी, थोडी हळवी, थोडी घाबरलेली. इंग्रजीतली आत्या तिला टोचत होती. 'आहे त्यात तुझं समाधान नाही, दुसऱ्याचं ते तुला चांगलं वाटतं' असं काहीतरी तिच्या बोलण्यातून यायला लागलं होतं. एकही वावगा शब्द न वापरता बाई बदलून गेली होती.

मग मी बरेच दिवस या एकाच म्हणीपाशी घुटमळत राहिले.

गवताच्या म्हणीत किती गोष्टी आहेत ते मोजून पाहा. पलीकडचं शेत किंवा अंगण आहे, मध्ये कुंपण आहे, आणि अलीकडे आपलं स्वतःचं गवत आहे. 'ग्रीनर' या शब्दातच तुलना आहे, म्हणजे आपलं गवत त्या वाक्यात आलंच, नाव न घेता. कुंपणापलीकडे कुणीतरी मालकही असणार, म्हणजे शेजारी आला. शेजारी आला की त्याच्यामागून हेवाही येतो. हे काही इंग्रजांचं खास नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड या रोमन कवीनं लिहून ठेवलंय की दुसऱ्याच्या शेतातलं पीक नेहमी जोमदार दिसतं आणि शेजाऱ्याच्या गुरांची कास मोठी वाटते. कास म्हणजे फारच झालं! पण त्यातून खोड नेमकी कळते. ही म्हण बघणाऱ्याच्या मनातल्या खुपण्याची आहे.

आता डोंगर. त्यात काय काय आहे? डोंगर आणि अंतर, बस्स. आपला डोंगर नाही, कुंपण नाही, मालक नाही. 'साजरे' हे विशेषण तुलनेचं नाही. डोंगर कशापेक्षा साजरे आहेत हे म्हण सांगत नाही, कारण तिला ते सांगायचंच नाही. मी उभी आहे ती जागा चांगली की वाईट, याबद्दल तिनं तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. आत्या भाचीला 'इथंच बरं आहे' असं म्हणतच नाहीये. तिचं म्हणणं एवढंच की तिथं पोचल्यावर तुला ते आत्ताच्यासारखं दिसणार नाही.

म्हणून तर भाचीला उत्तर देता येतं. आत्याचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करून ती निघू शकते. हो, दगडधोंडे आहेत, तेच बघायला चाललेय. गवताच्या म्हणीला असं उत्तर देता येत नाही. ती मान्य केली की जाण्याचं कारणच संपतं, आणि नाकारायची तर आपल्याला हेवा वाटत नाही हे शपथेवर सांगत बसावं लागतं.

गवताच्या बाबतीत एक मजेची गोष्ट सापडली. जेम्स पॉमरँत्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली 'पर्सेप्शन' या संशोधनपत्रिकेत याच म्हणीवर निबंध लिहिला होता, तोही थट्टा न करता. त्याचं म्हणणं, म्हण नजरेच्या शास्त्रानुसारच खरी आहे. आपल्या पायाखालचं गवत आपण वरून, सरळ खाली बघतो, त्यामुळे पात्यांच्या मधली माती दिसते, वाळकी काडी दिसते. पलीकडचं गवत तिरप्या नजरेनं दिसतं, तिथं पाती एकामागे एक उभी राहून माती झाकून टाकतात. म्हणून ते हिरवंगार.

हे वाचून गवताबद्दलचं माझं मत थोडं मवाळ झालं, आणि एक फरकही लक्षात आला. कोनाचा हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. पलीकडच्याला आपलं गवत हिरवं दिसत असणार. गवताची म्हण आरशासारखी उलटवता येते आणि तिच्यात जो दिलासा आहे तो तिथून येतो: ज्याचा तू हेवा करतोस त्यालाही तुझा वाटत असेल. डोंगराला हे लागू नाही. आपण डोंगराकडे बघतो, डोंगर आपल्याकडे बघत नाही. भाची ज्या शहरात चालली आहे त्या शहराला आत्याच्या घराचा हेवा वाटण्याचा प्रश्नच येत नाही. मराठी म्हणीत हा दिलासा नाही. ती जास्त एकटी आहे.

डोंगर लांबून साजरा का दिसतो, याचंही गणित करून पाहिलं. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो, त्याहून लहान कोनातलं सगळं एकमेकांत मिसळून जातं. त्या हिशेबानं एक मीटर रुंदीचा धोंडा साडेतीन किलोमीटरवर गेलो की वेगळा म्हणून ओळखता येत नाही. तो नाहीसा झालेला नसतो, उताराच्या रंगात विरघळलेला असतो. पाच-सात किलोमीटरवरून बघताना अशा हजारो धोंड्यांचा मिळून एक मऊ उतार होतो. वरून मधल्या हवेनं पसरवलेला निळा प्रकाश त्यावर चढतो. म्हणजे डोंगर काही लपवत नाही. आपल्यालाच धोंडा दिसू शकत नाही. मराठी म्हण इथं निर्मळ आहे: फसवणारा कुणी नाही आणि फसणाऱ्याचा दोषही नाही.

ही निर्मळता मराठीनं निवडून घेतली असावी असं मला वाटतं. कारण संस्कृतात याच अर्थाचा जो श्लोक आहे तो इतका भाबडा नाही. 'दूरस्थाः पर्वता रम्याः वेश्या च मुखमण्डने, युद्धस्य वार्ता रम्या च, त्रीणि रम्याणि दूरतः.' लांबून रम्य वाटणाऱ्या गोष्टी तीन: डोंगर, वेश्येचा साजशृंगार आणि युद्धाच्या गप्पा. शब्द इकडेतिकडे बदलून हा श्लोक ऐकू येतो, पण तिन्ही गोष्टी त्याच. यातल्या दुसरीत कुणीतरी मुद्दाम रंग लावलेला आहे, तिसरीत मरणाऱ्या माणसांची गोष्ट न मेलेला माणूस रंगवून सांगतो आहे. दोन्हीकडे सजवणारा कुणी आहे. मराठीच्या वाट्याला आला तो एकटा डोंगर, ज्याला कुणी सजवलेलं नाही. आणि गंमत म्हणजे शब्द मात्र 'साजरे', ज्यात साज लपलेला आहे.

याच भानगडीत हिंदीही आली. माझ्या मैत्रिणीची कथा हिंदीतही जात होती आणि ते भाषांतर करणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे. मी त्यांना फोन करून विचारलं, तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "उसमें क्या है, दूर के ढोल सुहावने." शाळेच्या जोड्यांमध्ये ही जोडी तर गवतापेक्षाही पक्की. मलाही ती पक्कीच वाटायची. लांबून चांगलं, जवळून नाही, अर्थ तोच. फक्त डोळ्यांच्या जागी कान.

पण कान आले की बरंच काही बदलतं. ढोल आपोआप वाजत नाही. कुणीतरी तो वाजवतं आहे, कुठंतरी समारंभ आहे, आणि लोकांना कळावं म्हणूनच तो वाजतो आहे. डोंगर कुणाला बोलावत नाही, ढोल बोलावतो. म्हणून हिंदीतली ही म्हण कीर्तीला, गाजावाजाला, ऐकीव गोष्टींना जशी चपखल बसते तशी मराठीतली बसत नाही. एखाद्या संस्थेचं नाव खूप ऐकलं आणि आत गेल्यावर सगळा आनंद, तर हिंदी माणूस ढोल काढेल. त्याच जागी मराठी माणूस डोंगर काढेलच असं नाही, 'नाव मोठं, लक्षण खोटं' किंवा 'बडा घर पोकळ वासा' म्हणेल. पोकळपणा तर ढोलाच्या पोटातच आहे, आणि हिंदीत 'ढोल की पोल' हा शब्दप्रयोगही आहे. ढोल म्हटलं की आतून रिकामा असल्याची शंका आपोआप येते. डोंगर आतून रिकामा नाही. जवळ गेल्यावर डोंगर कमी होत नाही, उलट जास्तच होतो, अंगावर येतो.

ढोलाचंही लांबून खरोखर काहीतरी गळतं बरं का. हवा उंच पट्टीचे आवाज लवकर शोषते आणि खर्जातले लांबवर जाऊ देते. मध्ये घरं, झाडं आली तर उंच आवाज तिथंच अडतात, खालचे वळसा घालून पुढे येतात. म्हणून मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा ताशाची तडतड पोचत नाही, फक्त ढोलाचा घुमारा पोचतो, आणि आपण गच्चीत उभे राहून म्हणतो, काय सुंदर वाजवतायत! तीच मिरवणूक खिडकीखाली आली की खिडकी लावतो. डोंगरातून अंतर धोंडे काढून घेतं, ढोलातून तडतड. पण धोंडा ही डोंगराची वस्तू आहे आणि तडतड आपल्याला होणारा त्रास आहे. माझ्या मते फरक इथं आहे. डोंगराच्या म्हणीत जवळ गेल्यावर वस्तू कशी आहे ते कळतं, ढोलाच्या म्हणीत जवळ गेल्यावर आपलं काय होतं ते कळतं.

गृहस्थांनी मग भाचीचं उत्तर वाचून दाखवलं: "तो पास जाकर सुन लूँ, बुआ. फटा निकला तो लौट आऊँगी." ढोल फाटका निघाला तर परत येईन. वाक्य इतकं गोड होतं की मी क्षणभर गप्प बसले. मग म्हटलं, पण ही परत येणार आहे. आमची परत यायचं नाव काढत नाही. ते म्हणाले, "ढोल सुनके तो लोग लौट ही आते हैं ना." खरं होतं त्यांचं. ढोल ऐकायला गेलेला माणूस रात्री घरी येतो. डोंगर चढायला गेलेल्याचं तसं सांगता येत नाही. प्रतिमा बदलली तशी मुलीची योजना बदलली.

मी त्यांना विचारलं, गवताला तुमच्याकडे ढोल चालेल का? ते पटकन म्हणाले, "नहीं जी, उसके लिए तो दूसरे की थाली में घी ज़्यादा दिखता है." शाळेत तिन्ही म्हणी एका ओळीत बसवलेल्या, आणि इथं हिंदीनंच गवत आणि ढोल वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते. दुसऱ्याच्या ताटातलं तूप आणि पलीकडचं गवत ही मात्र खरी जुळी भावंडं. तुलना आहे, मालक आहे, बघणाऱ्याची वखवख आहे. थोडा फरक आहेच. गवत आणि आपल्यामध्ये कुंपण असतं, ताट मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाचं असतं. हिंदीत हेवा जवळच्याचा आहे, अंतर जवळपास शून्य. लांबून चांगलं दिसणं हा मुद्दा तिथं उरलेलाच नाही.

मग मराठीत गवताचं काय? त्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे आपलं ते आपल्याला कमी वाटतं, हा मराठीत कुठं आहे? मला वाटतं तो एका वेगळ्याच म्हणीत जाऊन बसलाय: 'पिकतं तिथं विकत नाही.' इंग्रजीनं एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी मराठीनं दोघींत वाटून दिल्या. लांबचं चांगलं दिसतं ते डोंगराकडे, जवळच्याची किंमत नसते ते पिकाकडे. पण वाटून देताना पिकाच्या म्हणीलाही मराठीनं आपलं वळण दिलं.

हिंदीत त्या जागी 'घर की मुर्गी दाल बराबर' आहे. घरची कोंबडी डाळीच्या भावात. ही खाणाऱ्याची म्हण आहे. कोंबडी घरची म्हणून तिची चव कमी धरणारा माणूस तिच्यात आहे आणि थोडा दोष त्याच्याकडे जातो. म्हणून बायका ती नवऱ्यांबद्दल बरोब्बर वापरतात. हिंदीतच 'घर का जोगी जोगड़ा, आन गाँव का सिद्ध' अशीही एक आहे. गावातला जोगी तो नुसता जोगडा, परगावचा मात्र सिद्धपुरुष. तिला सगळ्यात जवळचं येशूचं वाक्य. नासरेथला तो शिकवायला उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले, हा सुताराचा मुलगा ना? आणि तो म्हणाला, संदेष्ट्याला मान मिळत नाही तो फक्त त्याच्या गावात आणि घरात. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात हे आहे आणि पुढच्याच ओळीत म्हटलंय की त्या लोकांच्या अविश्वासामुळे त्यानं तिथं फार चमत्कार केले नाहीत. केवढा राग आणि केवढं दुःख आहे त्यात. गाव दोषी ठरतं आणि गावाला शिक्षाही होते.

'पिकतं तिथं विकत नाही'मध्ये दोषी कुणीच नाही. ज्या गावात घरोघरी वांगी पिकतात तिथं वांगी विकत कोण घेणार? वांगं चांगलं आहे, गावकरी चांगले आहेत, सौदा तेवढा होत नाही. ही पिकवणाऱ्याची म्हण आहे, आणि तिच्यात उपाय आहे, जो कोंबडीत नाही आणि संदेष्ट्यातही नाही: टोपली उचला आणि दुसऱ्या गावच्या बाजाराला जा. आपल्या गावात न गाजलेल्या गायकाबद्दल ही म्हण वापरली की गावाला शिवी बसत नाही, गायकाला फक्त रस्ता दाखवला जातो. 'संदेष्ट्याला मान नाही' असं तिचं भाषांतर केलं तर गावाशी भांडण सुरू होतं. असं भांडण मी स्वतः एका लेखात लावून दिलं आहे आणि ते छापून आल्यावरच माझ्या लक्षात आलं.

डोंगराकडे परत येते, कारण त्याचा एक उपयोग अजून सांगायचा राहिला. आपण ही म्हण नुसती सावध करायला वापरत नाही. दोन जावा वेगळ्या गावांत राहतात, सणाला भेटतात, अगदी छान चाललंय. कुणी विचारलं, एकत्र का नाही राहत? तर थोरली हसून म्हणते, "दुरून डोंगर साजरे, नाही का!" इथं म्हणीनं टोपी फिरवली. मघाशी ती सांगत होती की लांबच्या देखाव्यावर विश्वास ठेवू नकोस. आता म्हणते, देखावा चांगला आहे तर लांबच राहा, तो खराच आहे, फक्त लांबून. दोन्ही वेळी शब्द तेच. हे जमतं कारण 'साजरे' खोटं नाही. म्हणीत 'दिसतात' किंवा 'वाटतात' असं क्रियापदच नाही. डोंगर लांबून साजरे आहेत, दिसण्यापुरते नव्हेत. हिंदीत 'सुहावने'नंतर बहुतेकदा 'लगते हैं' येतं आणि ते 'लगते' शंका पेरतं. गवताला तर हा उपयोग साफ बंद आहे. पलीकडचं गवत हिरवं आहे म्हणून मी इथंच सुखानं राहते, असं कुणी म्हणत नाही.

या दुसऱ्या उपयोगाला इंग्रजीत एक जोडी आहे आणि तीही डोंगराचीच. टॉमस कॅम्बेल या स्कॉटिश कवीच्या १७९९ सालच्या 'द प्लेझर्स ऑफ होप' या कवितेच्या अगदी सुरुवातीला दोन ओळी येतात. अर्थ असा: अंतरच देखाव्याला मोहिनी देतं आणि डोंगराला त्याचा निळा शेला पांघरतं. पहिली ओळ, 'डिस्टन्स लेंड्स एन्चांटमेंट टू द व्ह्यू', पुढे म्हणीसारखी वापरात आली. मला ती सापडली तेव्हा वाटलं, झालं काम! डोंगर आहे, अंतर आहे, शेजारी नाही. पण कविता आशेची आहे. कॅम्बेल सावध करत नाही, त्याला ती मोहिनी हवीच आहे. उद्याचे दिवस आजच्यापेक्षा सुंदर दिसतात ते याच निळ्या शेल्यामुळे, असं त्याचं म्हणणं. आत्याच्या तोंडी ती ओळ घातली असती तर आत्यानं भाचीच्या पाठीवर थाप मारून तिला पाठवलंच असतं. शिवाय बॅग भरता भरता कविता म्हणणारी आत्या मला तरी माहीत नाही.

एव्हाना एक सवय लागली होती. कुठलीही जोडी समोर आली की म्हण बाजूला ठेवायची आणि तिच्या पुढचं वाक्य बघायचं. बोलणाऱ्यानं 'म्हणून' लावून काय म्हटलं असतं? ऐकणाऱ्याला उलट काय बोलता आलं असतं? गवतानंतर 'म्हणून आहे त्यात सुख मान'. ढोलानंतर 'म्हणून कुणी सांगितलं त्यावर जाऊ नकोस'. डोंगरानंतर 'म्हणून जाशील तर चपला घट्ट घालून जा', किंवा जावेच्या बाबतीत 'म्हणून जाऊच नकोस, सुंदर आहे'. नुसत्या म्हणी शेजारी ठेवल्या तर तिघी बहिणी वाटतात. पुढचं वाक्य आलं की कोण कुणाची कोण ते कळतं.

शेवटी मी म्हण सोडून दिली आणि डोंगर ठेवला. आत्या इंग्रजीत म्हणाली, "फ्रॉम हिअर, एनी हिल इज लव्हली." आणि मग, "अप क्लोज इट्स ऑल स्टोन्स." भाचीचं उत्तर जसंच्या तसं बसलं: "इट्स द स्टोन्स आय वाँट टू सी, आत्या." इंग्रजी वाचकाला ही म्हण आहे हे कळणार नाही, पण आत्या आणि भाची दोघी जागेवर राहतील, असा हिशेब. तरी रुखरुख होतीच. मराठीत त्या वाक्यामागे कित्येक पिढ्या उभ्या आहेत, आत्या एकटीच्या मतानं बोलत नाहीये. इंग्रजीत तो आत्याला आत्ताच सुचलेला विचार वाटत होता. म्हणून मी वाक्याच्या शेवटी दोन शब्द चिकटवले: 'दे से', असं म्हणतात.

मसुदा मैत्रिणीला पाठवला. तिनं बाकी कुठं हात लावला नाही, ते दोन शब्द मात्र लाल शाईनं खोडले. मी फोन केला, म्हटलं, अगं म्हण आहे हे कळायला नको का? ती म्हणाली, "दुसऱ्या पानावर मी काय लिहिलंय बघ."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की आत्या लग्नानंतर त्या घराबाहेर कुठं राहिली नव्हती. म्हणजे जवळ गेल्यावर दगडधोंडे असतात हे तिनंही कुणाकडून ऐकलेलं. डोंगर तिनंही लांबूनच पाहिला होता.

"मग 'असं म्हणतात' बरोबरच आहे की," मी म्हटलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "पण आत्या तसं कधी कबूल करेल का?"